ड्राफ्टचे मिलिमीटर जातात कुठे?

सोलापूरच्या पूर्व भागात साधे यंत्रमाग अजून चालतात. प्रत्येक मागाच्या दोन्ही अंगांना बिडाची एकेक चौकट उभी असते आणि सगळा माग या दोन चौकटींच्या आधाराने चालतो. चौकटीचा पाटा पातळ असतो. त्याला ताकद यावी म्हणून त्यावर बरगड्या काढलेल्या असतात. कारखान्यात त्यांना रिब म्हणतात. बंद पडलेल्या एखाद्या मागाजवळ व्हर्नियर घेऊन बसा आणि एकाच रिबची जाडी दोनदा मोजा, एकदा तिच्या मोकळ्या कडेपाशी आणि एकदा ती पाट्याला मिळते त्या मुळापाशी. दोन्ही आकडे वेगळे येतील. मुळाशी रिब जाड असेल, कडेला बारीक. हा फरक झिजेने आलेला नाही. पॅटर्न बनवणाऱ्याने तो मुद्दाम ठेवलेला आहे, कारण तो ठेवला नसता तर चौकट वाळूतून धड निघालीच नसती.

या उताराला फाउंड्रीत ड्राफ्ट म्हणतात, काही जण टेपर म्हणतात. ड्राफ्ट द्यावा लागतो हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. पण एक अंशाचा किंवा दोन अंशांचा ड्राफ्ट दिल्यावर वस्तूच्या जाडीत आणि मापात नेमका कुठे, किती आणि कोणत्या बाजूने फरक पडतो, हा हिशेब फार कमी जण शेवटपर्यंत करतात. ड्रॉइंगवर रिबची जाडी एकच लिहिलेली असते, प्रत्यक्षात मात्र तळापासून टोकापर्यंत ती प्रत्येक उंचीला निराळी असते. ही पुस्तिका त्या एका हिशेबासाठी लिहिली आहे. पुढच्या प्रकरणांत तो वेगवेगळ्या आकारांवर करून दाखवला आहे. त्याचा गाभा मात्र इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढची कोष्टके वाचताना आकड्यांमागचे कारण डोळ्यांसमोर राहील.

आधी ड्राफ्ट कशासाठी, ते पाहू. लाकडाच्या किंवा धातूच्या पॅटर्नभोवती ओलसर वाळू ठोकून बसवतात आणि मग पॅटर्न सरळ वर उचलून काढतात. पॅटर्नची बाजू अगदी उभी असेल तर उचलायला सुरुवात केल्यापासून ती पूर्ण बाहेर येईपर्यंत वाळूला घासत राहते. कडा तुटतात, वाळूचे कण साच्यात पडतात आणि पुढे तेच कण कास्टिंगमध्ये दिसतात. बाजूला थोडा उतार असेल तर पॅटर्न पहिला एखादा मिलिमीटर हलताच वाळूपासून पूर्ण सुटतो आणि पुढे कुठेही घासत नाही. धातूच्या डायमध्ये किंवा प्लॅस्टिकच्या मोल्डमध्ये कारण थोडे वेगळे असते. तिथे पोलादी साचा तुटत नाही, पण निवताना वस्तू आकसते आणि आतल्या कोअरला घट्ट धरून बसते. म्हणून आतल्या बाजूंना बाहेरच्यांपेक्षा जास्त ड्राफ्ट लागतो. वाळूतही आतल्या बाजूला जास्तच देतात. तिथे वाळूचा जो सुळका उभा राहतो तो चारी बाजूंनी मोकळा असतो आणि सहज मोडतो. हाताच्या मोल्डिंगमध्ये साधारण एक ते तीन अंश, चांगल्या धातूच्या पॅटर्नला त्याहून कमी, अशी ही मापे असतात.

अंश ऐकायला लहान वाटतात. त्यांचे मिलिमीटर करायला एक साधा आकडा लक्षात ठेवला की पुरे: एक अंशाच्या उतारावर दर ५७ मिमी उंचीला बाजू १ मिमी सरकते. दोन अंशांना तेवढ्याच उंचीत २ मिमी. इतक्या लहान कोनांना ही पट धरून चालते. म्हणजे फरक दोन गोष्टींवर ठरतो, कोन आणि उंची, आणि बहुतेक वेळा उंचीच जास्त घात करते. पाच मिमी उंचीच्या अक्षराला तीन अंश दिले तरी कोणाला कळत नाही. शंभर मिमी उंचीच्या रिबला मात्र दीड अंशही महागात पडतो.

आता मुख्य मुद्दा. भिंतीला दोन तोंडे असतात. ती दोन्ही तोंडे साच्याच्या एकाच अर्ध्या भागात घडत असतील, तर दोन्हींचा उतार एकमेकांच्या विरुद्ध झुकतो आणि सगळा फरक भिंतीच्या जाडीत जातो, तोही दुप्पट. एक तोंड साच्याच्या एका भागात आणि दुसरे समोरच्या भागात घडत असेल, तर दोन्ही उतार एकाच दिशेला झुकतात. भिंतीची जाडी तेवढीच राहते आणि फरक वस्तूच्या एकूण मापात जातो. रिब पहिल्या जातीची आहे, प्लॅस्टिकची बादली दुसऱ्या. बादलीच्या बाहेरचा भाग मोल्डच्या पोकळ बाजूत घडतो, आतला भाग कोअरवर. दोन्ही तोंडे वरच्या कडेकडे रुंदावत जातात. म्हणून बादली वर रुंद आणि तळाशी अरुंद होते, पण तिची भिंत वरपासून खालपर्यंत जवळपास सारखी असते. कुठलेही नवे ड्रॉइंग हाती आले की प्रत्येक भिंतीबद्दल हा एकच प्रश्न आधी विचारावा: हिची दोन तोंडे कोण घडवतो?

पहिल्या जातीचे एक उदाहरण पूर्ण करून पाहू, कारण नुकसान तिथे जास्त होते. मागाच्या चौकटीसारखा एक सपाट पाटा घ्या, जाडी १० मिमी. त्याच्या एका बाजूला ६० मिमी उंचीची रिब उभी आहे. ड्रॉइंगवर लिहिले आहे, रिब १० मिमी. पॅटर्न लाकडी, मोल्डिंग हाताचे, म्हणून ड्राफ्ट दोन अंश. साठ मिमी उंचीत एका तोंडाला सुमारे २.१ मिमी, दोन्ही तोंडांना मिळून ४.२ मिमी. तेव्हा मुळापासून कडेपर्यंत रिबच्या जाडीत ४.२ मिमीचा फरक पडणार, हे ठरलेच. ठरायचे राहते ते एवढेच, की ड्रॉइंगवरचे १० मिमी नेमके कुठे धरायचे.

पॅटर्न करणारा ते कडेला धरू शकतो. मग कड १० आणि मूळ १४.२ मिमी. तो ते मुळाशी धरू शकतो. मग मूळ १० आणि कड ५.८ मिमी. किंवा मधल्या उंचीवर धरतो, तेव्हा मूळ १२.१ आणि कड ७.९. तिन्ही रिबा 'रिब १० मिमी' या शब्दांत बसतात आणि तिन्ही कास्टिंगे वेगवेगळी आहेत. सरासरी जाडी पहिल्या रिबेची १२.१ मिमी, दुसरीची ७.९, तिसरीची १०. बिडाचे वजन दर घनसेंटीमीटरला सुमारे ७.२ ग्रॅम धरले, तर एक मीटर लांबीच्या रिबेत मध्यावर माप धरले असता सव्वाचार किलोच्या थोडे वर धातू बसतो. कडेला माप धरले तर त्यात जवळजवळ ९०० ग्रॅम वाढतात, मुळाशी धरले तर तेवढेच कमी होतात. कास्टिंगचा भाव किलोवर ठरतो. ओतणारा आणि घेणारा यांच्यात वजनावरून जो वाद होतो, त्याचे मूळ पुष्कळदा इथे असते. ड्रॉइंग दोघांनी वाचलेले असते, पण त्यात १० मिमी कुठे धरायचे ते लिहिलेलेच नसते.

वजनापेक्षा गंभीर गोष्ट पुढे आहे. रिब जिथे पाट्याला मिळते तिथे धातूचा गोळा साठतो. त्या जोडाच्या छेदात मावेल तेवढे मोठे वर्तुळ काढून त्याचा व्यास मोजायचा, ही गोळा किती मोठा आहे हे पाहण्याची जुनी आणि भरवशाची रीत. आपल्या उदाहरणात कोपऱ्याला ५ मिमी त्रिज्येचा फिलेट धरला, तर मूळ १० मिमी असताना वर्तुळाचा व्यास १५ मिमी येतो, १२.१ असताना १६.१, आणि १४.२ असताना १७.३. सारख्या आकाराच्या जागांना गोठायला लागणारा वेळ मापाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून १५ आणि १७.३ या आकड्यांतला फरक लहान दिसला तरी जोड गोठायला सुमारे एक तृतीयांश वेळ जास्त लागतो. आजूबाजूचा पाटा आणि रिबची कड आधीच गोठलेली असते. जोडाला शेवटी धातू हवा असतो, पण तिथवर तो पोचवणारी वाट बंद झालेली असते. मग जोडाच्या आत बारीक पोकळ्या राहतात, किंवा पाट्याच्या मागच्या तोंडावर खळगा पडतो. प्लॅस्टिकमध्ये हाच खळगा सिंक मार्क म्हणून दिसतो. म्हणून प्लॅस्टिकच्या रिबेचे मूळ भिंतीच्या जाडीच्या साधारण निम्म्या ते साठ टक्क्यांपर्यंत ठेवतात, आणि ते माप ड्राफ्ट धरून मुळाशीच तपासायचे असते. करड्या बिडात गोठताना ग्रॅफाइट फुगते आणि पोकळीचा काही भाग आपोआप भरून निघतो. त्यामुळे मागाच्या चौकटीत ही चूक खपून जाते. तोच पॅटर्न ॲल्युमिनियमला किंवा पोलादी ओतकामाला वापरला की जोड लगेच उघडा पडतो.

मग मूळ बारीक ठेवावे आणि माप मुळाशी धरावे, असे वाटेल. बिडात त्याचा त्रास दुसऱ्या टोकाला होतो. ५.८ मिमीची कड वाळूत फार लवकर निवते. बीड इतक्या झटपट गोठले की त्यातला कार्बन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांत न उतरता लोखंडाशी बांधला जातो आणि तो भाग पांढरा, काचेसारखा कडक होतो. याला चिल म्हणतात. सोलापूरला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. इथल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्ससारख्या कारखान्यात मोटारींच्या इंजिनांचे कॅमशाफ्ट ओतताना कॅमच्या नाकावर हाच कडकपणा मुद्दाम आणतात, कारण तिथे तो झीज थांबवतो. रिबच्या कडेवर मात्र तो नको असतो. त्या कडेत भोक पाडायला गेलात तर ड्रिलचे टोक किंचाळते आणि बोथट होते. कानस फिरवली तर ती घसरते, चावत नाही. कडेचा तुकडा मोडून पाहिला तर छेद करडा दिसण्याऐवजी पांढरा चमकतो. शिवाय रिब वाकते तेव्हा सर्वांत जास्त ताण तिच्या मोकळ्या कडेवरच येतो, आणि तिथेच आपण धातू सर्वांत कमी ठेवलेला असतो.

माझा कल म्हणून बिडाच्या सपाट चौकटींत माप कडेला धरण्याकडे आहे. मुळाशी येणारी जाडी मात्र रिबची उंची कमी करून आवरावी. एक उंच रिब घालण्याऐवजी तीस मिमीच्या दोन रिबा घातल्या तर प्रत्येकीचा फरक ४.२ ऐवजी २.१ मिमीवर येतो आणि जोडही हलके होतात. मात्र ताकद उंचीवर फार वेगाने अवलंबून असते. निम्म्या उंचीच्या दोन रिबा एका पूर्ण रिबेइतके काम करत नाहीत. तेव्हा ही अदलाबदल हिशेब करूनच करावी. ज्या रिबेवर फारसा भार नाही, केवळ पाटा थरथरू नये म्हणून ती घातली आहे, तिथे ही युक्ती बिनधास्त चालते.

रिबेनंतर बॉस. बॉस म्हणजे बोल्टसाठी उभा केलेला गोल उंचवटा. चारी बाजूंनी उतार असल्याने तो खाली रुंद आणि वर निमुळता होतो. समजा बॉस ४० मिमी उंच, ड्राफ्ट दोन अंश, ड्रॉइंगवर व्यास ३० मिमी. माप पायाशी धरले तर टोकाचा व्यास २७.२ मिमी उरतो. एम १६ बोल्टच्या नेहमीच्या वॉशरचा बाहेरचा व्यास ३० मिमी असतो. हा वॉशर बॉसच्या टोकावर बसवला की चहूबाजूंनी १.४ मिमी बाहेर लोंबतो. बोल्टसाठी साडेसतरा मिमीचे भोक पाडल्यावर टोकाशी भोकाभोवतीची भिंत ५ मिमीपेक्षाही कमी राहते. बोल्ट आवळताना सगळा दाब त्या पातळ कड्यावर येतो. म्हणून बॉसचे माप नेहमी टोकाला धरावे. पाया आपोआप मोठा होईल, आणि तो शेजारच्या रिबेत किंवा भिंतीत घुसतो का ते पाहावे. पुष्कळदा बॉसच्या पायाचा हा वाढलेला भाग भिंतीला चिकटतो आणि तिथे आणखी एक धातूचा गोळा तयार होतो. ड्रॉइंगवर मात्र दोघांमध्ये २ मिमीची मोकळी जागा दाखवलेली असते.

ओतताना ठेवलेल्या भोकाचे गणित याच्या उलट. भोक एका तोंडाला मोठे, दुसऱ्याला लहान होते. ज्यातून बोल्ट मोकळा जायचा आहे, त्या भोकाचे माप अरुंद टोकाला धरायचे. ज्याला ड्रिल किंवा बोरिंग करून पक्के माप द्यायचे आहे, त्याचे माप रुंद टोकाला पाहायचे, कारण तिथेही कापायला धातू शिल्लक असला पाहिजे. ५० मिमी खोल भोकाला तीन अंशांचा ड्राफ्ट असेल तर दोन टोकांच्या व्यासांत ५.२ मिमीचा फरक पडतो. अरुंद टोकाला पुरेसे साहित्य ठेवून रुंद टोक विसरले, की बोरिंगनंतर भोकाच्या एका बाजूला काळा, न कापलेला पट्टा राहतो. असा पट्टा दिसला की मशीनवाल्याला दोष देण्याआधी ड्राफ्ट तपासावा.

आता दुसऱ्या जातीची भिंत. गिअरच्या पेटीसारखी खोल पेटी घ्या, खोली १२० मिमी. बाहेरच्या बाजूला एक अंश, आत तीन अंश. कोणी म्हणेल, दोन्ही तोंडे एकाच दिशेला झुकतात, मग जाडी सारखी राहील. उतार सारखे असते तर राहिली असती. इथे दोन अंशांचा फरक आहे आणि तो १२० मिमी उंचीत ४.२ मिमी होतो. वरच्या कडेला भिंत ६ मिमी ठेवली तर तळाशी ती १०.२ मिमी होते, आणि ती तळाच्या पाट्याला मिळते तिथे पुन्हा जाड गोळा. अशा पेटीत आतला ड्राफ्ट तेवढा कसा कमी करता येईल याचाच विचार करावा लागतो. आतली बाजू वेगळ्या वाळूच्या कोअरने घडवली तर कोअर साच्यात बसवून आतच ठेवायचा असतो, वर ओढायचा नसतो. त्यामुळे त्या पोकळीला पॅटर्न काढण्यापुरता ड्राफ्ट लागत नाही. कोअरबॉक्समधून कोअर निघावा एवढा उतार हवा, पण त्याची दिशा आपल्याला निवडता येते. खर्च वाढतो, भिंत मात्र सरळ मिळते. मोठ्या पेट्या आणि इंजिनाचे ब्लॉक कोअर घालून ओततात, त्यामागे हेही एक कारण आहे.

भिंत उंच असेल आणि दोन्ही तोंडे वाळूतच घडवायची असतील, तर साच्याची वाटणी मध्यावर आणता येते. १२० मिमी उंचीची भिंत, कड ८ मिमी, ड्राफ्ट दीड अंश. सगळी भिंत एकाच पेटीत असेल तर मूळ १४.३ मिमीपर्यंत जाते. निम्मी भिंत वरच्या पेटीत आणि निम्मी खालच्या पेटीत घेतली, तर दोन्ही टोकांना ८ आणि मध्ये ११.१ मिमी. जाडीतला फरक निम्म्यावर आला. पण वरची आणि खालची पेटी एकमेकांवर नेमकी बसली नाही तर वाटणीच्या रेषेवर पायरी पडते. ती पायरी जाडीत मोजली जात नाही, म्हणून तपासणीत सुटते. बोट फिरवून ती शोधावी लागते.

ड्रॉइंगवर हे सगळे कसे मांडावे, याचे एक प्रकरण पुढे आहे. त्यातली पद्धत अगदी थोडी आहे. प्रत्येक उताराच्या तोंडाजवळ टेपर प्लस किंवा टेपर मायनस लिहायचे, म्हणजे दिलेल्या मापात धातू वाढवायचा की घटवायचा ते कळते. आणि माप कोणत्या उंचीवर पक्के धरायचे ती पातळी दाखवायची. संगणकावर थ्री-डी मॉडेल करणाऱ्यांना हीच पातळी ड्राफ्टचे फीचर देताना निवडावी लागते. तिथे पहिली दिसलेली कड निवडून पुढे जाण्याची सवय आहे. त्या एका क्लिकमध्ये ९०० ग्रॅम इकडे किंवा तिकडे होतात. फिलेट ड्राफ्टनंतर द्यावेत. आधी दिले तर उताराबरोबर त्यांची त्रिज्याही बदलते आणि जोडाचे वर्तुळ चुकते.

तपासणीसाठी पुस्तिकेत जे कोष्टक दिले आहे त्यात प्रत्येक रिब, बॉस आणि भिंतीसाठी दोन रकाने आहेत, एक मुळाशी घेतलेल्या मापाचा आणि एक टोकाशी घेतलेल्या मापाचा. व्हर्नियरचे जबडे मुळाशी नेताना ते फिलेटवर चढत नाहीत ना हे पाहावे. फिलेट संपतो तिथून दोन-तीन मिमी वर माप घ्यावे आणि ती उंची कागदावर नोंदवावी. आतल्या जोडाची शंका असेल तर पहिल्या खेपेचे एक कास्टिंग रिबेला आडवे कापून पाहावे. कापलेले तोंड घासून साफ केल्यावर पोकळ्या आणि पांढरी कड, दोन्ही नुसत्या डोळ्यांनी दिसतात. दोन रकान्यांतील फरक उंची आणि कोनावरून काढलेल्या फरकाशी जुळला पाहिजे. तो कमी असेल तर पॅटर्नला पुरेसा ड्राफ्ट नाही, आणि वाळू फाटल्याच्या खुणा त्या तोंडावर सापडतील. जास्त असेल तर पॅटर्न झिजला आहे, किंवा पॅटर्न सुटावा म्हणून मोल्डरने तो उचलताना हलवून साचा मोठा केला आहे. हे दुसरे कारण असेल तर माप एका पेटीत एक आणि दुसऱ्या पेटीत दुसरे येते, आणि झिजलेल्या पॅटर्नपासून त्याला वेगळे ओळखण्याची खूण हीच.

सात रस्ता, सोलापूर